बाही मुंढ्यात बसते कशी?

घरी विणलेला स्वेटर कसा झालाय हे खांद्याकडे पाहिलं की कळतं. पुढची नक्षी कितीही सुबक असली तरी बाही जिथे जोडली आहे तिथे चुण्या पडल्या असतील, शिवण दंडावर ओघळली असेल किंवा काखेत लोकरीचा बोंगा साठला असेल, तर तो स्वेटर एकदोनदा अंगावर चढतो आणि मग कपाटातच राहतो. अशा वेळी बहुतेकजणी शिवण उसवून पुन्हा शिवतात. दुसऱ्यांदाही तेच होतं, कारण चूक शिवणीत नसते. बाहीचा काखेपासून खांद्यापर्यंतचा जो भाग असतो, त्याला या लेखात मी माथा म्हणते. या माथ्याची कड आणि मुंढ्याची कड यांची लांबीच जुळलेली नसते. एक कड दुसरीपेक्षा दोन इंच लांब असेल, तर कितीही बारीक टाका घातला तरी ते दोन इंच कुठेतरी चुणी होऊन वर येणारच.

शिवणकामाच्या क्लासला गेलेल्या वाचकांना मुंढा आणि बाहीची गोलाई नवी नाही. खाकी कागदावर ब्लाऊज आखताना पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जरा जास्त कोरतात आणि बाहीची पुढची बाजूही त्याच बेताने आत घेतात. विणकामात सहसा एवढं करावं लागत नाही. विणलेलं कापड ताणलं जातं आणि अंगाचं वळण धरतं, म्हणून पाठ आणि पुढा दोन्हींचे मुंढे सारखेच ठेवतात आणि बाहीच्या दोन्ही बाजूही सारख्याच. खरा फरक वेगळा आहे. कात्री हव्या त्या वळणाने फिरते. सुईवर मात्र अर्धा टाका कमी करता येत नाही आणि अर्धी ओळ विणता येत नाही. गोलाई आणायची तर ती कोणत्या ओळीला किती टाके कमी करायचे, या आकड्यांतूनच आणावी लागते. म्हणून बसवलेल्या बाहीचा माथा हा स्वेटरमधला सगळ्यात जास्त हिशोबाचा भाग आहे. हिशोब तसा शाळेतल्या गणितापलीकडे जात नाही.

एक स्वेटर धरून चालू. बाईचा साधा, बंद गळ्याचा स्वेटर, तयार माप छातीला ३८ इंच. लोकर मध्यम जाडीची, सुया ९ नंबरच्या, म्हणजे पावणेचार मिलिमीटरच्या. नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजला तर एका इंचात ६ टाके आणि ८ ओळी येतात. शिवणीत प्रत्येक कडेचा एक टाका जातो, त्यामुळे प्रत्यक्ष विणताना प्रत्येक तुकड्याला दोन टाके जास्त घालायचे. पुढच्या आकड्यांत ते धरलेले नाहीत, म्हणजे हिशोब स्वच्छ राहील.

पाठीला ११४ टाके आहेत. मुंढ्यापाशी आल्यावर दोन्ही बाजूंना ६-६ टाके एकदम बंद केले. हा काखेतला एक इंचाचा सपाट भाग. मग दर सुलट ओळीला दोन्ही टोकांना एकेक टाका कमी केला, असं ७ वेळा. सुईवर ८८ टाके उरले. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत हे साधारण पावणेपंधरा इंच भरतात. तिथून पुढे सरळ विणत खांदा गाठला. सपाट भागानंतरच्या ओळी मोजल्या तर त्या ६४ होतात, म्हणजे मुंढा ८ इंच खोल.

आता मुंढ्याची कड किती लांब आहे ते पाहायचं. खोली ८ इंच आहे म्हणून कडही ८ इंच, असं होत नाही, कारण खालच्या भागात ती तिरकी जाते. पहिल्या १४ ओळींत ७ टाके कमी झाले. १४ ओळी म्हणजे पावणेदोन इंच उभं अंतर, ७ टाके म्हणजे १.१७ इंच आडवं अंतर, आणि कड या दोहोंच्या कर्णावरून जाते. पायथागोरसचं प्रमेय इथे कामाला येतं. पावणेदोनाचा वर्ग ३.०६, १.१७ चा वर्ग १.३६, बेरीज ४.४२, तिचं वर्गमूळ २.१. म्हणजे तिरका भाग २.१ इंचांचा. वरच्या ५० सरळ ओळींचे सव्वासहा इंच. मिळून ८.३५ इंच. काखेतला सपाट इंच वेगळा.

गणित नको असेल तर पाठ आणि पुढा खांद्याला जोडून पाटावर सपाट पसरा, मुंढ्याच्या कडेने एक टाका आत न ताणणारा दोरा वळणावळणाने ठेवत जा आणि मग तो दोरा टेपवर मोजा. आकडा तोच यायला हवा. खरं तर विणून झालेल्या मुंढ्यावर दोरा ठेवून घेतलेलं माप कागदावरच्या हिशोबापेक्षा अधिक विश्वासाचं, कारण तुमच्या हाताची ओढ त्यात आलेली असते.

आता बाही. दंडाचा घेर १२ इंच, त्यात २ इंच सैलपणा, म्हणून बाही वर १४ इंच रुंद, ८४ टाके. माथा सुरू करताना दोन्ही बाजूंना ६-६ टाके बंद करायचे, पाठीला आणि पुढ्याला केले तितकेच. हे सपाट भाग काखेत एकमेकांवर बसतात, म्हणून ते बरोबर जुळले पाहिजेत. सुईवर ७२ टाके राहिले. माथ्याच्या अगदी वर, खांद्याच्या शिवणीवर बसणारा एक सपाट तुकडा ठेवावा लागतो. मोठ्यांच्या स्वेटरला तो दोन ते चार इंचांच्या दरम्यान असतो. आपण ३ इंच ठेवू, म्हणजे १८ टाके.

इथवर सगळं आपण ठरवलं. पुढची गोष्ट आपण ठरवायची नसते, ती हिशोबातून बाहेर पडते, आणि नेमकं हेच बऱ्याचजणींना ठाऊक नसतं. माथ्याची उंची किती, हा प्रश्न आवडीवर सोडता येत नाही. मुंढ्याची अर्धी कड ८.३५ इंच आहे. तिच्यावर माथ्याची अर्धी कड बसायची आहे. त्यातला वरच्या सपाट तुकड्याचा अर्धा भाग, दीड इंच, वजा केला तर तिरक्या कडेला ६.८५ इंच उरतात. या कडेने आडवं किती जायचं तेही ठरलेलं आहे. ७२ टाक्यांवरून १८ वर यायचं म्हणजे प्रत्येक बाजूला २७ टाके, साडेचार इंच. कर्ण माहीत आहे, पाया माहीत आहे, उंची काढायची. ६.८५ चा वर्ग ४६.९, साडेचाराचा वर्ग २०.२५, वजाबाकी सुमारे २६.७, वर्गमूळ ५.१६ इंच. इंचाला ८ ओळी या मापाने ४१ ओळी आणि थोडं वर. सुलट-उलट ओळींची जोडी पुरी व्हावी म्हणून ४२ धरू.

मुंढा ८ इंच खोल आणि माथा जेमतेम सव्वापाच इंच उंच, हे पहिल्यांदा ऐकणारीला खटकतं. मुंढा ६४ ओळींचा तर माथाही ६४ ओळींचा हवा, असं मनाला वाटतं, आणि पुष्कळ बिघडलेल्या बाह्यांचं मूळ या वाटण्यात आहे. मुंढा जवळपास सरळ उभा चढतो. माथ्याची कड तेवढीच लांबी तिरकी चालून पुरी करते. बाहीचा माथा ६४ ओळी विणला तर त्याची अर्धी कड साडेदहा इंचांच्या वर जाते आणि दोन्ही बाजू मिळून साडेचार इंचांहून जास्त कापड खांद्यावर फुगतं. फुग्याची बाही हवी असेल तेव्हा मुद्दाम असंच करतात. साध्या स्वेटरला ते नको असतं.

माथ्याची उंची मुंढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश ठेवावी, असा एक ढोबळ नियम विणणाऱ्यांत चालतो. आपल्या उदाहरणात तो जवळपास खरा ठरतो. पण तो प्रत्येक दंडाला लागू पडत नाही. त्याच मुंढ्याला दंडाकडे १६ इंच रुंद बाही लावायची झाली, तर टाके ९६ होतात, प्रत्येक बाजूला ३३ टाके, साडेपाच इंच आडवं जावं लागतं, आणि उंची चार इंचांवर येते. बाही दोन इंचांनी रुंद केली की माथा इंचाहून जास्त बसका होतो. भरलेल्या दंडाच्या बाईसाठी विणताना नुसते टाके वाढवून माथा तोच ठेवला तर तो बसत नाही, त्याचं कारण हे. रुंदी बदलली की उंची नव्याने काढायची.

आता टाके कमी करण्याच्या वाटणीकडे येऊ. २७ टाके, ४२ ओळी. सारख्या अंतराने कमी करत गेलो तर कड सरळ तिरकी होईल आणि माथा टोक छाटलेल्या त्रिकोणासारखा दिसेल. लांबी जुळेल, पण आकार जुळणार नाही. काखेत मुंढ्याची कड आतल्या बाजूला वळलेली असते, तिथे बाहीनेही तसंच वळायला हवं. मध्ये दंडाच्या बाजूला माथा उभा चढायला हवा. वर खांद्याच्या गोलावरून तो झपाट्याने आत यायला हवा. कागदावर आखलं तर हा आकार घंटेचा दिसतो.

वाटणी खालून सुरू करायची. मुंढ्याला जसं दर सुलट ओळीला एकेक टाका ७ वेळा कमी केलं, अगदी तसंच बाहीला करायचं. या १४ ओळी मुंढ्याच्या १४ ओळींशी शिवणीत ओळीला ओळ लागतात आणि काखेत एकही चुणी पडत नाही. मग वाटणी वरून सुरू करायची. शेवटच्या ४ ओळींत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ३ टाके बंद करायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना ६-६. त्यामुळे वरच्या सपाट तुकड्याला कोपरा राहत नाही, गोलाई येते. मधे उरले १४ टाके आणि २४ ओळी, आणि खरी कसोटी इथे आहे.

हे १४ टाके दर दुसऱ्या ओळीला कमी केले तर २८ ओळी लागतील. आपल्याकडे २४ आहेत, म्हणजे ४ ओळी वाचवायच्या. पण शिवाय मधला भाग उभा हवा, म्हणून काही टाके दर चौथ्या ओळीला कमी करायला हवेत, आणि त्याने ओळी आणखी लागतात. हिशोब असा: चौथ्या ओळीवर ढकललेला प्रत्येक टाका दोन ओळी जास्त खातो, आणि प्रत्येक ओळीला कमी केलेला टाका एक ओळ वाचवतो. दोन टाके चौथ्या ओळीवर टाकले, ४ ओळी वाढल्या. आठ टाके प्रत्येक ओळीला कमी केले, ८ ओळी वाचल्या. वजाबाकी ४, हव्या तितक्याच. उरलेले चार टाके दर दुसऱ्या ओळीला. म्हणजे दर चौथ्या ओळीला २ वेळा, मग दर दुसऱ्या ओळीला ४ वेळा, मग प्रत्येक ओळीला ८ वेळा. तिन्ही टप्पे ८-८ ओळींचे झाले, हा या आकड्यांचा योगायोग, पण लक्षात ठेवायला बरा.

सुईवरचे टाके पडताळून पाहा. ७२ वरून पहिल्या १४ ओळींत १४ गेले, ५८. चौथ्या ओळीच्या टप्प्यात ४ गेले, ५४. पुढच्यात ८, म्हणजे ४६. प्रत्येक ओळीच्या टप्प्यात १६, म्हणजे ३०. तीन-तीनच्या चार ओळींत १२, आणि हातात राहिले १८. ते एकदम बंद. शिवणीचे दोन टाके घेतले असतील तर शेवटी २० राहतील.

आपण उंची काढली ती सरळ कर्ण धरून. प्रत्यक्षात कड वळणावळणाने गेली, आणि वळणाची वाट सरळ वाटेपेक्षा लांब असतेच. प्रत्येक टप्प्याचा कर्ण वेगळा काढून बेरीज केली तर ७.१४ इंच येतात, त्यात वरचा दीड इंच, एकूण ८.६४. मुंढा ८.३५. एका बाजूला पाव इंचाहून थोडं जास्त, दोन्ही मिळून अर्ध्या इंचाहून थोडं जास्त कापड माथ्याला शिल्लक आहे. ही चूक नाही. खांद्याचं टोक गोल असतं, त्या गोलावरून जायला माथ्याला एवढी मोकळीक लागते. एकूण पाऊण इंचापर्यंत ती सहज जिरते, त्याच्यावर गेली की चुणी दिसायला लागते. लोकर जाड असेल किंवा वीण घट्ट असेल तर ही मोकळीक कमी ठेवावी. त्यासाठी चौथ्या ओळीवरचा एक टाका दुसऱ्या ओळीवर आणायचा. दोन ओळी कमी होतात आणि माथ्याची कड मुंढ्याच्या जवळजवळ बरोबर येते. माथा लहान-मोठा करायचा तर हात घालायची जागा ही मधली. खालचे १४ आणि वरचे तीन-तीनचे टप्पे हलवू नयेत.

टाका कमी कसा करायचा तेही इथे दिसतं. कडेचा पहिला टाका साधा विणून त्याच्या आत कमी करावं, म्हणजे शिवायला स्वच्छ कड मिळते. सुलट ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकेक करून सुलट घेतल्यासारखे सरकवायचे आणि मागून एकत्र विणायचे, तो टाका डावीकडे झुकतो. ओळीच्या शेवटी दोन टाके सरळ एकत्र विणायचे, तो उजवीकडे झुकतो. दोन्हीकडे झुकाव कडेच्या दिशेने जातो. प्रत्येक ओळीला कमी करायच्या टप्प्यात उलट ओळीवरही कमी करावं लागतं. तिथे सुरुवातीला दोन उलट एकत्र, आणि शेवटी दोन उलट मागच्या बाजूने एकत्र. हे मागच्या बाजूने उलट विणणं हाताला अवघड जातं म्हणून कुणी ते गाळतं आणि सुलट ओळीवर दोन-दोन टाके कमी करतं. त्याने आकडा जमतो, पण कडेला दातरे येतात आणि शिवताना ते लपत नाहीत. तीन-तीन टाके बंद करताना प्रत्येक वेळी पहिला टाका न विणता नुसता सरकवला तर पायऱ्याही बऱ्याच मऊ होतात.

इतकं सगळं नीट करूनही बाही बसत नाही असं होतं, आणि तेव्हा बहुतेक वेळा ओळींचं माप चुकलेलं असतं. पुस्तकातला नमुना घेऊन विणणाऱ्या बहुतेकजणी इंचाला टाके किती ते बघतात आणि ओळींकडे दुर्लक्ष करतात. पाठ आणि पुढा विणताना त्याने बिघडत नाही, कारण तिथे ‘मुंढा ८ इंच होईपर्यंत विणा’ असं लिहिलेलं असतं आणि आपण टेप लावून विणतो. माथ्याला मात्र ओळी मोजून टाके कमी करायचे असतात. समजा तुमच्या हातून इंचाला ६ टाके बरोबर येतात, पण ओळी ८ च्या जागी ७ येतात. मुंढा तुम्ही टेपने ८ इंचच विणला, त्याची कड ८.३ इंच. माथा मात्र नमुन्याप्रमाणे ४२ ओळी विणला, त्याची उंची आता सव्वापाच न राहता ६ इंच झाली आणि अर्धी कड सव्वानऊ इंचांची. दोन्ही बाजू मिळून जवळजवळ दोन इंच कापड जास्त. इंचाला एका ओळीचा फरक, आणि खांद्यावर फुगा. लोकरीची कंपनी बदलली, सुईचा नंबर तोच ठेवला, टाके जुळले म्हणून विणायला घेतलं, की असं होतं. उपाय एकच. नमुन्याचा तुकडा निदान चार इंचांचा विणून, धुऊन, वाळवून ओळी मोजायच्या आणि त्या मापाने वरचा हिशोब पुन्हा करायचा. न धुतलेल्या तुकड्यावरचं माप धरू नये, बऱ्याच लोकरी धुतल्यावर लांबीला बदलतात.

बाही जोडून अंगात घातल्यावर चूक कुठे आहे ते कापडच सांगतं. माथ्याच्या वरच्या बाजूला शिवणीलगत उभ्या चुण्या आल्या तर माथा लांब आहे. त्याउलट मुंढ्याची कड आवळल्यासारखी दिसत असेल आणि छातीवर काखेकडे जाणाऱ्या तिरक्या रेषा ताणल्या जात असतील तर माथा आखूड आहे. खांद्याच्या टोकाशी दोन कोपरे वर उठून दिसले तर वरचा सपाट तुकडा फार रुंद झालाय किंवा त्याच्या आधीच्या ओळी एकदम संपवल्यात. काखेत बोंगा साठला तर खालच्या १४ ओळी मुंढ्याशी जुळलेल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र चूक नसून निवड असते. उंच, अरुंद माथ्याची बाही हात खाली असताना सुरेख दिसते, एकही घडी नाही, पण हात वर केला की सगळा स्वेटर कमरेपासून वर उचलला जातो. बसक्या, रुंद माथ्याच्या बाहीत हात मोकळा फिरतो, पण हात खाली असताना काखेखाली घड्या पडतात. ऑफिसात घालायच्या कार्डिगनला पहिली बरी, खेळणाऱ्या मुलाच्या स्वेटरला दुसरी. निवड करायची ती दंडाकडची रुंदी ठरवताना. उंची तिच्यामागून येते.

जोडणी करण्याआधी सगळे तुकडे ओले करून, मापावर टाचण्या लावून वाळवावेत. माथ्याची कड विणल्यावर आत वळते आणि वळलेली कड मोजतानाही फसवते, शिवतानाही. शुद्ध लोकरीला वाफ दिली तर माथ्यातली थोडी मोकळीक आवळून घेता येते. आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराचसा धागा ॲक्रिलिकचा असतो. त्याला इस्त्री टेकवली की वीण कायमची लोळागोळा होते, आणि पुन्हा ताठ होत नाही. तेव्हा ॲक्रिलिकच्या बाहीत मोकळीक आधीच कमी ठेवा आणि गरम इस्त्री तिच्याजवळ आणू नका.

शिवताना पाच जागी टाचण्या लावायच्या. माथ्याचा मध्य खांद्याच्या शिवणीला. काखेतल्या सपाट भागांची टोकं एकमेकांना, दोन्ही बाजूंना. आणि खालच्या १४ ओळी जिथे संपतात तिथे, दोन्ही बाजूंना. या शेवटच्या दोन टाचण्यांच्या खाली कापड ताणायचं नाही, सोडायचंही नाही, ओळीला ओळ लावत जायचं. वरची मोकळीक सगळी वरच्या भागात, खांद्याच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंच्या दोन-अडीच इंचांत वाटून घ्यायची. तिथे मुंढ्याच्या सरळ ओळींना माथ्याचे तिरके टाके लागतात, एकाला एक असं जमत नाही, म्हणून टाचण्यांमध्ये आणखी टाचण्या लावून अंतर निम्मं-निम्मं करत शिवावं. मधून सुरुवात करून दोन्हीकडे खाली शिवत आलं तर मोकळीक एका बाजूला सरकत नाही.

शिवण्याचा कंटाळा असणाऱ्यांना दुसरी वाट आहे. बार्बरा वॉकर यांनी १९७२ साली निघालेल्या ‘निटिंग फ्रॉम द टॉप’ या पुस्तकात स्वेटर वरून खाली विणण्याच्या रीती मांडल्या. त्या वाटेने गेलं तर मुंढ्याच्या कडेवरूनच टाके उचलतात आणि अर्धवट ओळी विणत, दर वेळी थोडं पुढे जाऊन उलटं फिरत माथा घडवतात. माथा थेट मुंढ्यावरच विणला जात असल्यामुळे दोन कडा जुळवायचा प्रश्न राहत नाही आणि बाही अंगात घालून बघत बघत विणता येते. पण शिवण नसलेला खांदा जड स्वेटरचं वजन नीट पेलत नाही, हळूहळू ओघळतो. जाड लोकरीच्या, नक्षीने भरलेल्या स्वेटरला मी तरी शिवलेली बाहीच पसंत करते.

आणि एक सांगणं. पहिली बाही विणून झाली की दुसरीचे टाके घालायला घेऊ नका. आधी ती एकच बाही मोठ्या धावदोऱ्याने मुंढ्यात टाचा, ज्या व्यक्तीसाठी विणताय तिच्या अंगात घाला, तिला हात वर-खाली करायला सांगा आणि खांद्याकडे नीट बघा. बदल करायचा असला तर या घडीला फक्त ४२ ओळी उसवाव्या लागतात. जे आकडे बरोबर ठरतील ते ओळींच्या मापासकट वहीत लिहून ठेवा, दुसरी बाही त्याच आकड्यांनी विणायची आहे.